अंदाज आधी, उत्तर मागाहून



गव्हाच्या पेरणीचे दिवस होते. एका शेतकऱ्याच्या ओट्यावर मी चहाला बसलो होतो. घरधनी दुसऱ्या दिवशी खत आणायला तालुक्याला जायचे होते आणि किती युरिया लागेल ते काढायचे राहिले होते. त्यांची सहावीतली मुलगी शेजारीच शाळेची सरावपत्रिका सोडवीत बसली होती. वडील म्हणाले, "साहेब, तुम्ही चहा घ्या निवांत. हिशेब आमची पोरगी करील. मोबाईलवर झटक्यात काढते ती."

मी सहज तिची पत्रिका हातात घेतली. वर मथळा होता, 'अंदाज करा, गणित सोडवा, उत्तर वाजवी आहे का ते सांगा.' प्रत्येक गणितापुढे तीन रकाने होते. पहिला अंदाजाचा, दुसरा उत्तराचा, तिसरा 'वाजवी आहे का?' याचा. चौथे गणित होते २९८ × ४१. मुलीने अंदाज लिहिला होता १,५००. उत्तर लिहिले होते १,४९०. आणि तिसऱ्या रकान्यात ठळक अक्षरात 'होय'.

अंदाज आणि उत्तर एकमेकांना छान जुळत होते. पण दोन्ही चूक होती.

आता वाचकहो, पुढे वाचण्याआधी तुम्हीच पाहा. २९८ म्हणजे जवळजवळ ३००. ४१ म्हणजे जवळजवळ ४०. तीनशे चाळीस वेळा घेतले तर बारा हजार. मग १,४९० कुठून आले? मी तिची कच्ची वही मागितली. तिने २९८ ला १ ने गुणून २९८ लिहिले होते, ४ ने गुणून १,१९२ लिहिले होते आणि दोन्ही एकाखाली एक मांडून बेरीज केली होती. पण तो ४ साधा चार नव्हे, चाळीस आहे. दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवून ११,९२० लिहायला हवी होती. २९८ आणि ११,९२० मिळून १२,२१८ हे खरे उत्तर. एक शून्य राहिले आणि बारा हजारांचे दीड हजार झाले.

अशी चूक कोणाच्याही हातून होते. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. चूक पकडण्यासाठीच अंदाजाचा रकाना ठेवलेला होता. मग तिथे ती पकडली का गेली नाही? मी विचारले, "पोरी, हे दीड हजार तू कसे काढलेस?" ती थोडी लाजली आणि खरे ते बोलली. "काका, आधी उत्तर काढलं. मग त्याच्या जवळचा आकडा अंदाजाच्या घरात लिहिला. सगळेच तसं करतात. नाहीतर अंदाज चुकतो ना."

रोगाचे मूळ इथे आहे. उत्तर पाहून मांडलेला अंदाज म्हणजे त्याच उत्तराची सावली. उत्तर वाकडे असले की सावलीही वाकडीच पडते. दोन साक्षीदार कोर्टात उभे केले, पण दुसऱ्याने पहिल्याचीच जबानी पाठ करून आणली, तर त्या साक्षीला काय अर्थ? अंदाज उत्तराच्या आधी आणि उत्तर न पाहता मांडला तरच तो स्वतंत्र साक्षीदार होतो. मुलाच्या पत्रिकेत सगळे अंदाज उत्तराला अगदी चिकटून आलेले दिसले, तर शाबासकी देण्याची घाई करू नका. खऱ्या अंदाजात थोडी तफावत असायचीच. १२,००० अंदाज आणि १२,२१८ उत्तर, ही निरोगी तफावत.

अंदाजासाठी संख्या गोल करायची रीत बहुतेकांना ठाऊक आहे. जवळच्या दहावर न्यायची असेल तर शेवटचा आकडा पाहायचा. तो ४ किंवा त्याहून लहान असला तर खाली यायचे, ५ किंवा त्याहून मोठा असला तर वर जायचे. ४१ चे ४०, ४७ चे ५०, आणि ४५ चे रिवाजाने ५०. शंभरावर न्यायची असेल तर दहाच्या घरातला आकडा पाहून हेच करायचे. मात्र गुणाकारात एक खबरदारी घ्यावी. दोन्ही संख्या एकाच मापाने गोल करू नयेत. २९८ आणि ४१ या दोन्ही जवळच्या शंभरावर नेल्या तर ३०० आणि शून्य मिळते, आणि अंदाजही शून्य येतो! म्हणून प्रत्येक संख्येचा पहिला आकडा राखायचा. शेकड्यातली संख्या शेकड्यावर न्यायची, दशकातली दशकावर.

एवढे बोलून होते तोच मुलीने वडिलांचा हिशेब मोबाईलवर उरकलाही. "बाबा, १९ किलो ३२ ग्रॅम युरिया लागेल." तिचा आकडा १९.३२ होता, म्हणजे १९ किलो ३२० ग्रॅम. पण ते राहू द्या. वडिलांनी चिठ्ठीवर १९ लिहिले. चिठ्ठी खिशात जाणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

त्यांचे गव्हाचे रान ३५ गुंठे. बागायती, वेळेवर पेरणीच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. स्फुरद ते सिंगल सुपर फॉस्फेटमधून देणार होते आणि पालाश म्युरेट ऑफ पोटॅशमधून. तेव्हा नत्र सगळे युरियातूनच द्यायचे होते. युरियात नत्र शेकडा ४६.

मी मुलीला म्हटले, "मोबाईल बाजूला ठेव. नुसत्या तोंडाने सांग. हेक्टर म्हणजे किती गुंठे?"

"शंभराच्या आसपास," ती म्हणाली. बरोबर. हेक्टरचे १०० आर होतात आणि गुंठा आरापेक्षा किंचितच मोठा असतो.

"मग ३५ गुंठे म्हणजे हेक्टरचा कितवा हिस्सा?"

ती अडखळली. शाळेच्या नियमाने ३५ चे ४० करावे असे तिला वाटले. मी सांगितले, इथे जवळची गोल संख्या घेण्यापेक्षा हिशेबाला सोयीची संख्या घे. शंभराचा तिसरा हिस्सा ३३, म्हणजे आपले रान तिसऱ्या हिश्श्याहून जरासे जास्त. १२० चा तिसरा हिस्सा ४०, म्हणजे ४० किलोहून थोडे जास्त नत्र हवे.

"आता बघ. युरियात नत्र निम्म्याहूनही कमी आहे. मग ४० किलो नत्र मिळायला युरिया ४० किलोपेक्षा जास्त लागेल की कमी?"

इथे आजोबाच मध्ये बोलले. "अगं, दुधात निम्मं पाणी असेल तर लिटरभर दुधासाठी दोन लिटर घ्यावं लागेल ना!"

मुलगी हसली. "जास्त लागेल. दुपटीहून जास्त. म्हणजे ८० किलोच्या वर."

हा झाला अंदाज. मोबाईलला हात न लावता, कागदावर रेघ न ओढता ८० च्या वर, नव्वदीच्या आसपास. आणि चिठ्ठीवर १९! आता तिसऱ्या रकान्यात 'होय' लिहायची कोणाची छाती होईल?

चूक कुठे झाली होती ते लगेच सापडले. नत्र तिने बरोबर काढले होते. १२० गुणिले ०.३५ म्हणजे ४२ किलो. पण पुढे ४२ ला ०.४६ ने भागायचे सोडून गुणले होते. ४२ ला ०.४६ ने गुणले की १९.३२ येतात. भागले की ९१.३ येतात. मोबाईलने दिलेला हुकूम बिनचूक पाळला होता. हुकूमच उलटा होता. यंत्राची बेरीज-वजाबाकी चुकत नाही, पण गुणायचे की भागायचे हे ते आपल्याला विचारत नाही.

ही चूक मला इतक्या लवकर दिसली याचे कारण सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी हीच चूक मी स्वतः केली होती. एक एकर गहू होता. ४० गुंठ्यांना ४८ किलो नत्र. मी ४६ टक्क्यांनी गुणले आणि २२ किलो युरिया असे ऐटीत लिहून दिले. खरे तर १०४ किलो लागत होता. त्या वेळी युरियाची गोणी ५० किलोची असे. म्हातारे शेतकरी कागदाकडे पाहत म्हणाले, "भाऊसाहेब, आम्ही दरसाल दोन गोण्या टाकतो. एवढ्यात भागंल का?" मी उत्तर दिले, "काका, हिशेब म्हणजे हिशेब."

वाचकहो, 'दरसाल दोन गोण्या' हाच तिथला अंदाज होता. तो माझ्या हिशेबाच्या आधीचा होता, अनुभवातून आलेला होता, आणि माझ्या आकड्याच्या जवळजवळ पाचपट होता. त्याच वेळी मी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. पेरणीला ११ किलो पडला. तीन आठवड्यांनी खालची जुनी पाने पिवळी पडू लागली आणि शेजारचे रान हिरवेगार होते. पहिल्या पाण्याच्या वेळी आम्ही धावपळ करून उरलेला युरिया दिला. पीक सावरले, पण फुटवे निघायचा काळ हातचा निसटला होता. मळणीला त्यांना शेजाऱ्यापेक्षा दोन-अडीच पोती कमी झाली. म्हातारे मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

तेव्हापासून माझ्या डायरीत प्रत्येक हिशेबाच्या डाव्या बाजूला मी आधी पेन्सिलीने अंदाज लिहितो आणि मग उजवीकडे गणित मांडतो. अंदाज नंतर खोडत नाही. चुकला असेल तर चुकलेला तसाच राहू देतो.

आता पुन्हा त्या ओट्यावर येऊ. मोबाईलच्या पडद्यावर ४२ भागिले ०.४६ चे उत्तर आले ९१.३०४३४७८. मुलीने सगळे आकडे लिहून घ्यायला सुरुवात केली. मी विचारले, "रान ३५ गुंठेच आहे हे कोणी मोजले?" वडील म्हणाले, "बांधाबांधानं पावलं टाकली होती. एखादा गुंठा इकडं तिकडं." एका गुंठ्याला सव्वा किलोच्या आसपास नत्र, म्हणजे अडीच किलोहून थोडा जास्त युरिया लागतो. म्हणजे मोजणीतच अडीच किलोचा मागेपुढे आहे. मग स्वल्पविरामासारख्या त्या टिंबापुढचे सात आकडे कशासाठी जपायचे? मूळ माप जेवढे पक्के, तेवढेच उत्तर पक्के. गोल करायचे ते मात्र अगदी शेवटी. मधल्या पायरीवर ४२ चे ४० केले असते तर युरिया ८७ किलो निघाला असता. पायरीपायरीला थोडे थोडे सोडत गेले की शेवटी बरेच सुटते.

युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे. दोन गोण्यांचे ९० किलो होतात. ९१.३ च्या ऐवजी ९० चालतील का? जिथे मोजणीतच अडीच किलोचा फरक आहे तिथे सव्वा किलोची चिंता नको. एक गोणी पेरणीच्या वेळी आणि दुसरी तीन आठवड्यांनी, पहिल्या पाण्याच्या वेळी. अर्धे-अर्धे नत्र देण्याची शिफारसही त्यात आपोआप बसली. चिठ्ठीवरचे १९ खोडून तिथे 'दोन गोण्या' लिहिले गेले.

आता अंदाजाची हद्दही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही त्याच्यावर फाजील भरवसा ठेवाल.

पहिली गोष्ट, एकाने सुरू होणाऱ्या संख्या दगा देतात. १४९ गुणिले १४९ घ्या. नियमाप्रमाणे दोन्हींचे १०० केले की अंदाज १०,००० येतो. खरे उत्तर आहे २२,२०१. दुपटीहून जास्त! इथे उत्तर बरोबर आहे, अंदाजच दुबळा आहे. अशा संख्येचे पहिले दोन आकडे राखावे. १५० गुणिले १५० म्हणजे २२,५००, आणि शंका मिटली. म्हणून अंदाज आणि उत्तर यांत दहापटीचे किंवा पाचपटीचे अंतर दिसले तर आधी उत्तर तपासा. दीड-दोनपटीचे दिसले तर आधी अंदाज जरा बारकाईने पुन्हा करा.

दुसरी गोष्ट, बारीक चूक अंदाजाच्या जाळ्यातून निसटते. मुलीने १२,२१८ ऐवजी १२,१२८ लिहिले असते तर १२,००० च्या अंदाजाने तेही 'वाजवी' ठरले असते. वाजवी म्हणजे बरोबर नव्हे. वाजवी म्हणजे 'उघड चूक नाही' एवढेच. पूर्ण खात्री हवी असेल तर तेच गणित दुसऱ्या वाटेने करावे. ३०० गुणिले ४१ म्हणजे १२,३००. पण आपल्याकडे ३०० नव्हते, २९८ होते. म्हणजे ४१ दोनदा जास्त धरले. ८२ वजा केले की १२,२१८. दोन वाटा एकाच गावाला पोचल्या, म्हणजे गाव तेच. पहिल्याच रीतीने पुन्हा केले तर हात बहुधा पहिल्याच ठिकाणी पुन्हा घसरतो.

आता घरातल्या मुलांसाठी चार गणिते देतो. मोठ्यांनीही करून पाहावी. अट एकच. आधी अंदाज शाईने लिहायचा आणि मग गणित करायचे.

एक. रोज १८ लिटर दूध, दर ३४ रुपये, महिना ३१ दिवसांचा. चिठ्ठीवर १,८९७ रुपये लिहिले आहेत. पटते का?

दोन. ४,९१४ ला ६३ ने भागायचे. मुलाने उत्तर लिहिले ७०८. वाजवी आहे का?

तीन. ९६ ला ०.४८ ने गुणले तर उत्तर ९६ पेक्षा मोठे येईल की लहान? आणि भागले तर?

चार. ५१० किलो कांदा ५० किलोच्या पिशव्यांत भरायचा. पिशव्या किती आणाव्या?

आता उत्तरे.

पहिल्याचा अंदाज २० गुणिले ३० गुणिले ३०, म्हणजे १८,०००. चिठ्ठीवरचा आकडा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच आहे, म्हणजे ती चूक आहे. खरा आकडा १८,९७२ रुपये. एक आकडा लिहायचा राहिला होता.

दुसऱ्यात ४,९१४ चे ५,००० करण्यापेक्षा ४,८०० करा, कारण ते ६० ने सहज भागले जातात. अंदाज ८०. मग ७०८ कसे येतील? मधले शून्य उपरे घुसले आहे. उत्तर ७८.

तिसऱ्यात ०.४८ म्हणजे निम्म्याला थोडे कमी. गुणले तर ९६ च्या निम्म्याला थोडे कमी, म्हणजे ४८ हून लहान. नेमके ४६.०८. भागले तर दुपटीहून जास्त, म्हणजे १९२ च्या वर. नेमके २००. गुणले की संख्या वाढते आणि भागले की घटते असे पुष्कळांच्या मनात बसलेले असते. एकाहून लहान अपूर्णांकाच्या बाबतीत नेमके उलटे होते. युरियाच्या हिशेबात माझा आणि त्या मुलीचा पाय इथेच घसरला.

चौथ्यात भागाकार येतो १०.२. गोल करायच्या नियमाने १०. पण दहाच पिशव्या आणल्या तर १० किलो कांदा खळ्यावरच राहील. पिशव्या ११ आणाव्या. नियम संख्येला जवळची जागा दाखवतो, पण वर जायचे की खाली हे काम काय आहे ते पाहूनच ठरवायचे.

त्या मुलीने निघताना मला पत्रिका पुन्हा दाखवली. चौथ्या गणितापुढे अंदाज १२,००० आणि उत्तर १२,२१८ केले होते. पाचव्या गणितापुढे मात्र अंदाजाच्या घरात एक आकडा होता आणि उत्तराचे घर कोरे होते. "हे अजून सोडवायचंय," ती म्हणाली. "अंदाज आधी लिहून ठेवलाय."

आपला,
कृषी विस्तार अधिकारी